एकवीस मोदक आणि पाण्याचं वाडगं

रेसिपीच्या व्हिडिओंखाली साहित्य-कृतीची माहिती लिहिणं हे माझं काम. गणपतीच्या आधी एका काकूंच्या चॅनेलसाठी उकडीच्या मोदकांचं शूट होतं. एरवी मी एडिट झालेला व्हिडिओ बघून प्रमाण उतरवून घेते. मोदकांच्या बाबतीत ते मला पटत नव्हतं, म्हणून त्या दिवशी वजनकाटा घेऊन काकूंच्या ओट्याशी जाऊन उभी राहिले.

या दिवसांत लोक सर्चमध्ये नुसतं 'मोदक' टाकत नाहीत. नैवेद्याला एकवीस हवेत, म्हणून `21 modak praman` असं टाइप करतात. मग माहितीत 'एक वाटी पिठी, एक वाटी पाणी' एवढंच असून भागत नाही. वाटी केवढी, सपाट की शिगोशीग आणि त्यात मोदक किती, हे सांगायलाच हवं.

काकूंना म्हटलं, "तुम्ही रोजच्यासारखं करा, मी मध्ये बोलणार नाही." माझी युक्ती साधी होती. पिठीचा डबा, गुळाचा डबा, खोवलेल्या नारळाचं ताट, सगळं आधी तोलायचं आणि शूट झाल्यावर पुन्हा तोलायचं. कमी भरेल तेवढं पदार्थात गेलं. काकूंची वाटी पाण्याने भरून मोजली, तर बरोबर 200 मिली निघाली.

काकू कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "दोन वाट्या पिठी, दोन वाट्या पाणी." पाण्यात मीठ आणि चमचाभर तूप घातलं, उकळी आल्यावर पिठी घालून ढवळली, झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं वाफ काढली. नंतर डबा तोलला, तर पिठी 305 ग्रॅम गेली होती. त्यांच्या वाटीत सपाट पिठी साधारण 130 ग्रॅम मावते, म्हणजे दोन वाट्यांची 260 व्हायला हवी. काकूंनी दोन्ही वाट्या शिगोशीग भरल्या होत्या, आणि पाण्याला काही शीग येत नाही!

या हिशेबाने उकड कोरडी व्हायला हवी होती, पारीच्या कडा चिरायला हव्या होत्या. तसं काहीच झालं नाही. कारण परातीशेजारी एक वाडगं होतं, त्यात हात बुडवून बुडवून काकू गरम उकड मळत होत्या. तेही मी आधी तोलून ठेवलं होतं. मळून झाल्यावर ते 60 ग्रॅमने हलकं भरलं. पातेल्यातलं 400 आणि हातातून गेलेलं 60, असं एकूण 460 मिली पाणी. सपाट वाटीच्या हिशेबाने 305 ग्रॅम पिठीला जवळपास तेवढंच लागतं. काकूंचा हात शीग आपोआप भरून काढत होता, आणि व्हिडिओत ते वाडगं फ्रेमच्या बाहेर होतं.

मी लिहिलं: "पिठी 300 ग्रॅम (200 मिलीच्या 2 शिगोशीग वाट्या). पाणी उकळायला 400 मिली, मळताना हाताला लावायला अंदाजे 60 मिली. पिठी जुन्या तांदळाची असेल तर थोडं जास्त लागेल." काकू हसल्या. "अगं, हाताचं पाणी कोणी मोजतं का?" म्हटलं, काकू, पहिल्यांदा करणारीला तेच तर कळत नाही. खूण म्हणून पुढे एक वाक्य जोडलं: उकडीची गोळी दाबल्यावर कडेला चीर गेली, तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा.

सारण सरळ होतं. दोन मध्यम नारळांचा चव चार वाट्या, चिरलेला गूळ दोन वाट्या.

वेळेवरून मात्र आमचं वाजलं. काकू म्हणत होत्या, "तासाभरात होतात." नारळ आधीच खोवलेला होता, आणि त्यांच्या कळ्या बघता बघता पडतात. शिवाय मोदकपात्रात एका वेळी अकराच बसत होते, म्हणजे दोन घाणे, आणि प्रत्येकाला पाण्याला उकळी आल्यापासून 12 मिनिटं. शेवटी तयारी, वळणं आणि वाफवणं यांचे वेळ वेगवेगळे दिले आणि नवख्यांसाठी एकूण अडीच तास धरले.

व्हिडिओखाली न उघडता पहिल्या दोनेक ओळीच दिसतात, म्हणून तिथे नमस्कार-चमत्कार न घालता 'उकडीचे 21 मोदक, 7 ते 8 जणांना, 300 ग्रॅम पिठी' असं थेट टाकलं. खाली टाइमस्टॅम्प. त्यांची सुरुवात `0:00` पासून लागते आणि निदान तीन तरी द्यावे लागतात, नाहीतर यूट्यूब व्हिडिओचे भाग पाडत नाही.

सगळं वाचून दाखवल्यावर काकूंनी एकच चूक काढली. एकवीस वळून उरलेल्या उकडीत मिरची-जिरं घालून त्यांनी निवगऱ्या केल्या होत्या, त्या माझ्या यादीत नव्हत्या. "ते लिही, नाहीतर उकड उरली म्हणून प्रमाण चुकलं असं वाटेल लोकांना." लिहिलं, आणि निवगऱ्यांना वेगळा टाइमस्टॅम्पही दिला.