संपत्तिकराच्या खात्यावर आईचं पूर्ण नाव

आईचं घर इंदूरमध्ये आहे, रजिस्ट्री तिच्याच नावावर आहे, आणि तिथं स्वच्छ लिहिलंय: सुधा वसंत कुलकर्णी. संपत्तिकराच्या पावतीवर मात्र इतकी वर्षं ‘सुधाबाई पति वसंतराव’ येत होतं. आडनावच नाही. कर वेळेवर भरला जात होता, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. घरावर कर्ज काढायचं ठरलं तेव्हा बँकेच्या वकिलांनी पावती आणि रजिस्ट्री शेजारी ठेवली आणि विचारलं, ही बाई तीच कशावरून?

मी त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला आणि विषयात घातलं ‘नाम परिवर्तन हेतु’. या तीन शब्दांनी माझे दोन महिने खाल्ले.

झोनच्या ऑफिसात बाबूंनी विषय वाचला आणि अर्ज नामांतरणाच्या गठ्ठ्यात टाकला. नामांतरण म्हणजे मालक बदलणं: विक्री, दानपत्र, वारसा. मग त्याचे सगळे कागद मागितले गेले. विकणारा कोण, आधीच्या मालकाची पावती कुठे, मालक वारले असतील तर मृत्यू प्रमाणपत्र. मी म्हणत होतो, “मालक वही हैं, मेरी माँ हैं, बैठी हैं घर पर.” उत्तर एकच, “आवेदन में तो परिवर्तन लिखा है.” तीन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला साहेब नव्हते, तिसऱ्या खेपेला अर्जच सापडेना, कारण मी पोच घेतली नव्हती. त्या दिवशी बाहेर पायरीवर बसून मला खरोखर संताप आला. ज्या बाईनं इतकी वर्षं कर भरला, तिनं आपण आपणच आहोत हे सिद्ध करायचं!

शेवटी आमच्या गल्लीतले एक निवृत्त काका, ज्यांनी आयुष्यभर सरकारी फायली पाहिल्या, त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, “अरे, तू मागतोयस काय आणि लिहिलंयस काय?” त्यांनी नवा अर्ज सांगितला, हिंदीतच. विषय: ‘संपत्तिकर खाते में भवन स्वामी के नाम की प्रविष्टि शुद्ध करने हेतु’. आणि पहिल्याच परिच्छेदात: ‘भवन स्वामी में कोई परिवर्तन नहीं हुआ है, संपत्ति का कोई हस्तांतरण नहीं हुआ है, केवल नाम की प्रविष्टि अपूर्ण है.’ त्याखाली खाते क्रमांक, घराचा पत्ता, मग दोन ओळी एकाखाली एक: सध्याची नोंद अशी, हवी ती अशी. अक्षर न अक्षर, हिंदीत आणि इंग्रजी स्पेलिंगमध्येही, कारण कॉम्प्युटरवर भरणारा माणूस स्वतःच्या मनानं स्पेलिंग करतो.

सोबत रजिस्ट्रीची नावाची आणि मालमत्तेच्या वर्णनाची पानं, आधार, शेवटची भरलेली पावती, आणि ‘सुधाबाई पति वसंतराव व सुधा वसंत कुलकर्णी या एकच व्यक्ती’ असं नोटरीसमोर केलेलं शपथपत्र. अर्जावर आणि शपथपत्रावर सही आईची, माझी नाही. पुढचं काम सरळ झालं.

पोचीचं आधी सांगायला हवं होतं. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का नाही तर अर्ज दिलाच नाही, असं समजा.

नवी नोंद झाली तरी स्क्रीनवर आधी ‘सुधा कुलकर्णी पति वसंत’ आलं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव नावातच असतं. इथल्या नोंदीत पिता किंवा पति यासाठी वेगळा रकाना असतो, म्हणून त्यांनी मधलं नाव उचलून तिकडे टाकलं. मी तिथंच उभा राहिलो आणि नावाच्या रकान्यात तिन्ही शब्द घालायला लावले, पतीचा रकाना वेगळा भरून. प्रिंट हातात घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही, आणि ते बरं केलं.

चूक रजिस्ट्रीतच असेल तर या अर्जाचा उपयोग नाही. तिथं उपपंजीयकाकडे दुरुस्तीचा दस्त करावा लागतो. आणि करखात्यावर नाव आलं म्हणजे मालकी सिद्ध होते असंही नाही, मालकी रजिस्ट्रीनं ठरते. पण वकिलांना दोन्ही कागद जुळलेले हवे होते, आणि ते जुळले.

आईनं पावती चष्मा लावून दोनदा वाचली, आणि देवाजवळच्या डब्यात ठेवली. नळाच्या बिलाचं खातं वेगळं आहे, हे मला तेव्हा कळलं. त्यावर अजून ‘सुधाबाई’च आहे. सोमवारी तोच अर्ज, खाते क्रमांक बदलून, पुन्हा नेणार आहे.