चिमणीचा फिल्टर हवाय? आधी मॉडेल नंबर सांगा!

मुलुंडचा फ्लॅट घेतला तेव्हा किचनची चिमणी आधीच्या मालकांनी बसवलेली होती. बिल नाही, वॉरंटी कार्ड नाही, पुढचं नाव घासून गेलेलं. बॅफल फिल्टरची पाती वाकली, म्हणून कस्टमर केअरला फोन केला. "मॅडम, मॉडेल नंबर?" नाही म्हटलं तर "फोटो पाठवा." पाठवला. उत्तर आलं, "अशा दिसणाऱ्या बऱ्याच आहेत, मॉडेल नंबर द्या." पुन्हा फोन, पुन्हा नवा माणूस, पुन्हा तोच प्रश्न. पण नंबर चिमणीवर कुठे असतो, हे एकानेही सांगितलं नाही!

तो असतो आत. मेन स्विच बंद करून फिल्टर काढले की मोटरच्या बाजूच्या पत्र्यावर स्टिकर दिसतो. आमचा तेलाच्या चिकट थराखाली होता. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून फडक्याने हलकेच पुसला; तारेच्या घासणीने अक्षरंच गेली असती. फ्लॅश मारला की स्टिकर चमकतो आणि काही वाचता येत नाही, म्हणून टॉर्च बाजूने धरून फोटो काढला. मॉडेल, सीरियल नंबर, व्होल्टेज, मोटरचे वॅट, सगळं वाचता आलं. वॅट म्हणजे सक्शन नव्हे, बरं का. सक्शन घनमीटर प्रति तासात लिहितात, आमच्यावर 1100 होतं.

एवढं करूनही दुकानदार म्हणाला, "साठची चिमणी ना? साठचाच फिल्टर." अहो, साठ सेंटिमीटर ही अख्ख्या चिमणीची रुंदी! आत दोन फिल्टर शेजारी-शेजारी बसतात. मग फिल्टर ओट्यावर सपाट ठेवला, कडेला टेप लावली आणि बरोबर वरून फोटो काढला. तिरक्या फोटोत माप फसतं. जाडीचा वेगळा फोटो आणि खटका कुठल्या कडेला आहे त्याचाही. खटक्याची बाजू चुकली तर माप जुळूनही फिल्टर अडकत नाही.

फिल्टर आले, चपखल बसले. तरी फोडणीचा धूर रेंगाळतोच. 1100 हा आकडा बहुतेकदा मोकळ्या हवेतला, पाइप न जोडता मोजलेला असतो. आमचं किचन आठ बाय सात, उंची साडेनऊ फूट, म्हणजे साधारण 15 घनमीटर. तासाला वीसदा हवा बदलायची तर 300 पुरतात. मग अडतं कुठे? चिमणीचं तोंड सहा इंची, आणि खिडकीकडे नेताना कुणीतरी पाइप चार इंची केलाय, वर दोन कोपरे. सहाचे चार झाले की हवेची वाट निम्म्याहूनही अरुंद होते. आता पाइपवाल्याला बोलावलंय.

हो, आणि फिल्टर दोन्ही एकदम मागवा. एकट्याची डिलिव्हरी वेगळी लावतात.