आमची वाटचाल : पाच दुकानं, एक ट्रक

सोलापुरातल्या जोडभावी पेठेजवळच्या आम्हा पाच किराणा दुकानदारांनी 2016 साली पहिला ट्रक मागवला. लातूरच्या डाळमिलची तूरडाळ, पन्नास किलोचे दोनशे कट्टे. ठोक व्यापाऱ्यापेक्षा मिलचा भाव किलोमागे चार रुपयांनी कमी होता. ट्रकभाडं, हमाली आणि गोदामभाडं मिळून दीड रुपया जायचा, अडीच रुपये हाती राहायचे. फक्त मिलला पैसे आधी द्यावे लागतात. ठोकवाला महिन्याची उधारी देतो, ती सोडावी लागते. ज्याचा वाटा वीस-बावीस दिवसांत खपत नाही, त्यानं यात पडूच नये, माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवातीला थप्पी एकच होती. ज्याला लागेल तसा तो उचलायचा, आणि शेवटी भिंतीकडचे ओल लागलेले कट्टे कोणाचे यावर तंटा व्हायचा. समोरच्या अण्णांनी तोडगा काढला. ट्रक उतरतानाच प्रत्येकाच्या कट्ट्यावर वेगळ्या रंगाचा पट्टा, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर. परखी कायम अण्णांच्या हातात. कट्टा उतरला की ती खुपसून नमुना काढायचे आणि तळहातावर डाळ चोळून बघायचे.

मग 2023 चा जून आला. सरकारनं तूर-उडदावर साठामर्यादा आणली, किरकोळ दुकानदाराला प्रत्येक डाळीचे पाच टन. आमच्या गोदामात 132 कट्टे होते, म्हणजे 6.6 टन, आणि बिल सगळं माझ्या एकट्याच्या नावावर! माल पाच जणांचा, पण कागदावर साठेबाज मी. ज्या ठोक व्यापाऱ्याचं गिऱ्हाईक आम्ही तोडलं होतं, त्यानं आमच्यातल्या दोघांना गाठून 'धाड पडणार' असं सांगितलं. दोघांनी त्याच रात्री पैसे परत मागितले. सात वर्षं एका थप्पीवर माल ठेवलेली माणसं! ते मला अजून सलतं.

अण्णा मात्र बिलबुक घेऊन बसले. माझ्या फर्मकडून त्यांच्या दुकानाला रीतसर बिल करायला लावलं, पैसे भरले आणि बत्तीस कट्टे हातगाडीवरून स्वतःच्या दुकानात नेले. माझा साठा बरोबर पाच टनांवर आला. पण दोघे गेले ते गेलेच. पुढे निम्म्या मालालाही ट्रकभाडं जवळपास तेवढंच पडू लागलं आणि अडीच रुपयांची बचत रुपयावर आली. दिवाळीपर्यंत तीन दुकानांनी ते सोसलं.

तेव्हापासून मिलला आधीच सांगतो, ट्रक एक, पण बिलं प्रत्येकाच्या नावाची वेगळी. भाव ट्रकभर मालावर ठरतो, बिलांच्या संख्येवर नाही. मिलवाल्यानं एका शब्दानं हरकत घेतली नाही. दोन नवे दुकानदार आले आणि ट्रक पुन्हा भरला. गेलेल्यांपैकी एकानं यंदा परत विचारलं. त्याचा हिरवा रंग आता दुसऱ्याच्या कट्ट्यांवर आहे.