१.४ वरून १.७: बुटांच्या दुकानातल्या एका ओळीची नोंद

मंडळी, या खेपेची फाइल फ्लोअर स्टाफची. बुटांच्या मोठ्या दुकानात सेल्सला असलेली एक मुलगी मित्राच्या ओळखीतून रेझ्युमे नीट करून घ्यायला आली. रेझ्युमेत नोकरीखाली तीन ओळी होत्या: ग्राहकांना मदत केली, विक्रीचं टार्गेट पूर्ण केलं, बिलिंग आणि स्टॉक सांभाळला. आपल्यापैकी कुणीही या ओळी झोपेत म्हणून दाखवेल.

आकडे विचारल्यावर उत्तरही ठरलेलंच आलं. "दादा, मी काही मॅनेजर नव्हते. माझ्याकडे कुठले आकडे?"

अशा वेळी मी "तुमची कामगिरी काय?" हा प्रश्न विचारतच नाही, कारण त्यावर माणूस गप्प तरी बसतो किंवा फुगवून तरी सांगतो. त्याऐवजी विचारलं, इन्सेन्टिव्ह मिळायचा का? मिळायचा. मग तो कशावरून काढायचे? इथे धागा हाती लागला. महिनाअखेरीला प्रत्येकाच्या नावापुढे बिलं, नग, सरासरी बिल आणि विक्री असा तक्ता स्टाफच्या ग्रुपवर पडायचा, आणि तळाशी सगळ्या दुकानाची ओळ असायची. तिच्या फोनमध्ये लागोपाठ सहा महिन्यांचे तक्ते सापडले. नशीब तिचं, एरवी लोक फोन बदलतात आणि सगळं जातं. अजून नोकरीवर असलेला कुणी तुमच्याकडे आला, तर स्वतःची ओळ आजच वहीत उतरवून ठेवायला सांगा. दुकानाचा अख्खा तक्ता बाहेर नेणं मात्र बरं नाही, आणि त्याची गरजही पडत नाही.

सहा महिन्यांच्या बरोबर मध्यावर तिने एक गोष्ट बदलली होती. आधी ती मोजे आणि शू-केअर बिलिंगच्या वेळी विचारायची: "अजून काही हवंय?" त्यावर बहुतेक जण नाही म्हणायचे. मग तिने बूट ट्रायलला देतानाच सोबत मोज्यांचा जोड पुढे करायला सुरुवात केली. बूट घालून बघायला मोजे लागतातच, त्यामुळे ते विकायला काढलेत असं वाटत नाही. हे तिने गप्पांच्या ओघात सांगितलं, रेझ्युमेत त्याचा मागमूस नव्हता.

आता हिशेब. आधीच्या तीन महिन्यांत तिची ६४० बिलं आणि ८९६ नग, म्हणजे प्रति बिल १.४ नग. नंतरच्या तीन महिन्यांत ६१० बिलं आणि १,०३७ नग, म्हणजे १.७. वाढ २१ टक्क्यांच्या आसपास. पहिला मसुदा सहज तयार झाला:

"ट्रायलच्या वेळीच मोजे व शू-केअर दाखवून प्रति बिल नग २१% वाढवले."

वाचायला छान आहे आणि खोटंही नाही. तरी मी ती ओळ तशी सोडली नाही, कारण मुलाखत घेणारा स्वतः दुकान चालवलेला असेल तर त्याचे पुढचे प्रश्न कुठले, ते मला ठाऊक आहे.

पहिला प्रश्न, बाकीच्यांचं काय? त्याच काळात मोज्यांवर ऑफर होती. तक्त्याच्या तळाची ओळ पाहिली, तर दुकानाची सरासरीही १.४ वरून १.५ झालेली. म्हणजे ०.३ वाढीतला ०.१ ऑफरचा समजावा आणि उरलेला ०.२ तिचा. म्हणून नुसता टक्का न देता आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि शेजारी दुकानाची सरासरी, असं तिन्ही द्यायचं मी ठरवलं. टक्क्यात सुरुवात कुठून झाली ते लपून जातं. १.४ वरून १.७ म्हटलं, की त्या धंद्यातल्या माणसाला चित्र लगेच दिसतं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड: नग वाढले, पण पैसे वाढले का? मोजे स्वस्त असतात. तिचं सरासरी बिल वाढलं होतं फक्त ६ टक्के. आणि बिलांची संख्या ६४० वरून ६१० वर आली होती, म्हणजे जवळपास ५ टक्के कमी. दोन्हींचा गुणाकार केला तर तिची एकूण विक्री जेमतेम १ टक्का वाढलेली. २१ टक्क्यांची ओळ वाचून आलेला माणूस हे ऐकल्यावर खुर्चीत मागे टेकणार. शिवाय त्याला शंका येणार, की एकेका ग्राहकापाशी जास्त वेळ घालवल्यामुळेच तर बिलं कमी झाली नाहीत ना?

इथे पुष्कळ जण हा आकडा गाळून २१ टक्केच ठेवतात. मला ते पटत नाही, आणि कारण नीतीचं नाही, सोयीचं आहे. गाळलेला आकडा मुलाखतीत विचारला गेला, की उमेदवार अडखळतो, आणि तो अडखळला की बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

म्हणून पुन्हा तळाच्या ओळीकडे गेलो. त्याच तिमाहीत सगळ्या दुकानाची बिलं ७ टक्क्यांनी घटली होती. लोकच कमी येत होते, हंगाम संपला होता. दुकानाचं सरासरी बिल २ टक्के वाढलेलं, म्हणजे एकूण विक्री ५ टक्के खाली. तिची मात्र १ टक्का वर. जो आकडा लपवायचा मोह होत होता, त्यातच सगळ्यात भक्कम ओळ होती:

"दुकानाची एकूण विक्री ५% घटलेल्या तिमाहीत स्वतःची विक्री १% वाढवली, ट्रायलच्या वेळीच मोजे व शू-केअर दाखवून प्रति बिल नग १.४ वरून १.७ वर नेले (दुकानाची सरासरी १.५)."

खरं तर हंगामामुळे लागोपाठच्या दोन तिमाहींची तुलना धोक्याची असते, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करावी. तिच्याकडे मागच्या वर्षीचे तक्ते नव्हते. पण दुकानाची सरासरी शेजारी ठेवली की हंगामाचा परिणाम दोघांवर सारखाच धरता येतो. एकटा आकडा असता तर मी ही ओळ लिहिलीच नसती.

ओळ पक्की करण्याआधी तिला दोन गोष्टी विचारल्या. रोस्टर बदलला होता का? नंतरच्या तिमाहीत तिला शनिवार-रविवार जास्त मिळाले असते, तर विक्री टिकण्याचं श्रेय गर्दीचं झालं असतं. रोस्टर आळीपाळीनेच होता. आणि परत आलेला माल वजा होतो का? पुढे केलेले मोजे घरी जाऊन परत येत असतील, तर १.७ पोकळ ठरतो. तक्त्यात रिटर्न वजा करूनच नग धरायचे, असं तिने सांगितलं. या दोन उत्तरांवर ओळ उभी आहे. मुलाखतीआधी ती तिला पाठ हवीत, म्हणून रेझ्युमेच्या तिच्या प्रतीवर पेन्सिलीने लिहून दिली.

विक्रीची रक्कम ओळीत कुठेच नाही, हे लक्षात आलं असेलच. ती दुकानाची खासगी बाब आहे, आणि बाहेरच्याला नुसत्या रकमेवरून दुकान केवढं होतं तेही कळत नाही. टक्के आणि सरासरी पुरतात.

बिलिंगच्या ओळीला फार वेळ दिला नाही. कॅशवर ती अधूनमधूनच बसायची. दर शिफ्टला किती बिलं व्हायची, हे आठवत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. शिफ्टच्या पहिल्या आणि शेवटच्या बिलाचे क्रमांक आठवून वजाबाकी करायची, अर्थात त्या काउंटरची क्रममालिका वेगळी असेल तरच. तिला "शंभराच्या आतबाहेर" एवढंच आठवत होतं, म्हणून "दर शिफ्टला ८० ते १०० बिलं" असा पट्टा दिला. काही जण त्याला वर्षभराच्या शिफ्टांनी गुणून हजारांत आकडा नेतात. त्यातून वाचणाऱ्याला नवं काहीच कळत नाही, उलट गुणाकार तेवढा दिसतो. कॅशियरच्या बाबतीत मी संख्येपेक्षा काउंटर क्लोजिंगचा फरक विचारतो: रोकड आणि सिस्टीम किती वेळा जुळली नाही? ते रजिस्टरला लिहिलेलं असतं आणि आठवणीतही राहतं.

मागच्या फाइलबद्दलही एक भर घालतो, कारण त्यावर आपल्यात वाद झाला होता. कस्टमर केअरवाल्या त्या मुलाने सरासरी कॉल ७ मिनिटं ३० सेकंदांवरून ६ मिनिटांवर आणला होता, म्हणजे २० टक्के कमी. माझं म्हणणं अजून तेच आहे, की हा आकडा एकटा लिहू नये. कॉल घाईने कापूनही वेळ कमी होतो, आणि मग तोच ग्राहक दोन दिवसांनी पुन्हा फोन करतो. शेजारी सात दिवसांत परत आलेल्या कॉलचं प्रमाण हवं. त्याच्या केसमध्ये ते वाढलेलं नव्हतं, म्हणून दोन्ही मिळून एक ओळ केली. ग्राहकांच्या रेटिंगची ओळ मात्र काढून टाकली. पाचपैकी ४.९ दिसायला भारी, पण उत्तरं इतकी कमी होती, की एका रागावलेल्या ग्राहकाने तो ४.५ केला असता.

सध्या टेबलावर एक्स्चेंज काउंटरवाल्याची फाइल आहे आणि ती अडली आहे. "दररोज ४० रिटर्न हाताळले" यात त्याची कामगिरी काहीच नाही, रिटर्न आले म्हणून त्याने हाताळले. मला हवा आहे तो वेगळा आकडा: पैसे परत मागायला आलेल्यांपैकी किती जण दुसरा साइझ किंवा दुसरा माल घेऊन गेले, आणि तो काउंटरवर बसण्याआधी हे प्रमाण किती होतं. रिफंड आणि एक्स्चेंजची पावती वेगळ्या प्रकारची निघत असेल, तर दिवसअखेरीच्या रिपोर्टात दोन्हींची संख्या स्वतंत्र असायला हवी. त्याला कामावर गेल्यावर तेवढंच बघून यायला सांगितलं आहे. रिपोर्टात दोन्ही एकत्र धरले असतील, तर काय करायचं? कुणी असा काउंटर सांभाळला असेल तर सांगा.