तुम्ही विचारलंत म्हणून: भर दुपारची पाहुणी

“मॅडम, व्हॅम्पायर उन्हात जळतो ना? मग तुमच्या गोष्टीतली बाई दुपारी कशी आली? आरशाचं, आमंत्रणाचंही जो तो वेगळंच लिहितो. नक्की नियम काय?”

खडेबाजारात भाजी घेताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. विचारण्यात ‘तुमचं चुकलंय’ असा सूर असतो, म्हणून आज सविस्तर लिहिते.

उन्हात जळतो तो सिनेमातला. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला लंडनच्या पिकॅडिलीत दिवसाढवळ्या उभा राहून एका मुलीकडे टक लावून बघतो. ऊन त्याला मारत नाही, त्याची ताकद तेवढी आवळून धरतं. स्वतःच्या जागेबाहेर असताना रूप पालटायचं तर त्याला सूर्योदय, सूर्यास्त किंवा नेमकी मध्यान्ह गाठावी लागते. म्हणून शेवटी मावळतीच्या आत त्याला गाठायची सगळ्यांची धडपड चालते, आणि मरतो तो सुऱ्यांनी. पहाटेच्या उन्हात विरून जायचं आलं १९२२ मध्ये, मुर्नाऊच्या ‘नॉस्फेरातू’ सिनेमात. तिथं नायिका एलेन स्वतः खिडकी उघडते आणि कोंबडा आरवेपर्यंत त्याला आपल्यापाशी गुंतवून ठेवते. तिच्या त्यागानं त्याचा शेवट व्हायचा तर सकाळच मारक ठरायला हवी. त्या गोष्टीला ऊन लागत होतं, म्हणून ऊन आलं. त्याच सिनेमात तो आरशात चक्क दिसतो. स्टोकरकडे आरसा रिकामा असतो, कारण तिथं ड्रॅक्युलाकडे पाहुणा आलेल्या, दाढी करणाऱ्या हार्करला यजमानाचं खरं रूप कळायचं असतं. माणूस खांद्याशी उभा आणि काचेत कुणीच नाही, एवढं त्याला पुरतं.

आता माझ्या गोष्टीबद्दल. खानापूरकडचं एक घर, पुरुष माणसं शेतावर, म्हातारी सासू सोप्यावर तांदूळ निवडतेय. दारात एक बाई पाणी मागते. कडक ऊन, बाईचे पाय धुळीनं भरलेले. सासू म्हणते, “आत ये गं बाई, उन्हाचं बाहेर का उभी?” सगळी गोष्ट या एका वाक्यावर उभी होती. एका दिवाळी अंकाला पाठवली, त्यांनी घेतली. अंक हातात आला तेव्हा दुपारचे बारा जाऊन तिथं रात्रीचे बारा झाले होते. मला न विचारता. धुळीचे पाय तसेच, तांदूळ तसेच, आणि अमावास्येच्या रात्री एकटी म्हातारी अनोळखी बाईला आत बोलावतेय! आमच्याकडे रात्री बाराला दार वाजलं तर घरातला माणूस आधी आतूनच “कोण ते?” असं तीनदा विचारील. फोन केला, तर संपादक म्हणाले, “ताई, व्हॅम्पायर दिवसा येत नाही, वाचक हसतील.” मी त्यांना पिकॅडिली सांगितली. ते म्हणाले, “ते पुस्तकात असेल हो.” त्यानंतर मला बोलवेना. सासूची माया त्यांनी मूर्खपणा करून टाकली होती, आणि ते अजून दुखतं.

आणि आपल्या माणसांना भर बाराची भीती नवीन आहे का? लहान पोराला त्या वेळी विहिरीकडे जाऊ न देणारी आजी प्रत्येक घरात होती. मध्यान्ह आणि तिन्हीसांज, दोन्ही वेळा स्टोकरच्या यादीत आहेत.

त्या रागात मी बरीच वर्षं सांगत आले की ऊन, आरसा हे बदलतं, पण घरातल्या कुणीतरी त्याला आत घेणं कायम राहतं. स्टोकरकडे तर तो नियमच आहे, आणि तो किती क्रूरपणे वापरलाय बघा. वेड्यांच्या इस्पितळातला रुग्ण रेनफिल्ड त्याला आत बोलावतो, आणि भोगते त्याच छताखाली झोपलेली हार्करची बायको मीना. बोलावणाऱ्याचा त्या घरावर काय हक्क होता? तरी आमंत्रण चालतं. १८७२ च्या ‘कार्मिला’ या कथेत असा नियम नाही, तरी अपघात झालेल्या गाडीतल्या मुलीला, म्हणजे त्या व्हॅम्पायरलाच, नायिका लॉराचे वडीलच घरी ठेवून घेतात.

पण ही मांडणी किसिलयेवोशी अडते, हे मला मान्य आहे. १७२५ मध्ये सर्बियातल्या या गावात आठ दिवसांत नऊ माणसं दगावली. मरणाऱ्यांनी सांगितलं, नुकताच पुरलेला पेतार रात्री येऊन आमचा गळा दाबतो. ऑस्ट्रियन अधिकारी फ्रॉमबाल्ड यांच्यासमोर प्रेत उकरलं, छातीत खुंटा ठोकला, जाळलं. त्या अहवालात ना आरसा, ना ऊन, ना आमंत्रण. पेतारच्या बायकोनं मात्र सांगितलं होतं, की तो आला आणि त्यानं आपली पायताणं मागितली. ती गाव सोडून गेली.

त्याला कुणी ‘ये’ म्हटलं नव्हतं. मग सगळीकडे सारखं काय? मेलेला आपलं मरण मानत नाही आणि जिवंतांच्या जिवावर उरतो, एवढं नक्की सापडतं. पण मला ते अपुरं वाटतं, कारण पेतार स्वतःच्या घरीही गेला, आपल्याच वस्तू मागायला. ओळखीच्या माणसाला आमंत्रण लागत नाही, परक्याला लागतं, असं म्हणावं तर कार्मिला आणि ड्रॅक्युला बसतात. एलेनची खिडकी कुठं बसवायची, यावर माझं आणि माझंच भांडण चालू आहे. ती गोष्ट मात्र मी पुन्हा छापायला देणार आहे, दुपारचीच.