गिंबल हाताचं बघतो, पायाचं नाही

"दादा, सहा हजारांचा गिंबल घेतला, तरी चालत काढलेला व्हिडिओ खाली-वर व्हायलाय. गिंबल खराब निघाला का? का महागातलाच घ्यावा लागंल?"

पैसे खर्च करण्याआधी तोच व्हिडिओ पुन्हा एकदा बघा. यावेळी नजर दोनच गोष्टींवर ठेवा, जवळची फांदी आणि लांबचा डोंगर किंवा विजेचा खांब. जवळची फांदी जोरात खाली-वर होते, पण लांबचा खांब जवळपास जागेवर आहे, तर गिंबल त्याचं काम करतोय, धक्का तुमच्या पायातून येतोय. फांदी आणि खांब दोन्ही सारखेच हलत असतील, तर मात्र दोष गिंबलचा किंवा तो धरण्याचा. मला व्हिडिओ पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांचं दुखणं पहिल्या प्रकारचं असतं.

कारण असं. तीन मोटरींचा गिंबल फोन तीन दिशांनी वळण्यापासून वाचवतो: डावी-उजवीकडं वळणं, वर-खाली झुकणं आणि एका बाजूला कलणं. मनगट पाच अंश वाकडं झालं तरी फोन सरळ राहतो. पण तुम्ही अख्खे चार बोटं वर गेलात आणि खाली आलात, तर गिंबलही तुमच्याबरोबर गेला आणि आला. त्याच्या हिशेबानं फोन कुठं वळलाच नाही, मग मोटर फिरायचं कारणच नाही. महागातल्या तीन मोटरींच्या गिंबलमध्येही हे तसंच असतं. त्याची मोटर दमदार असेल, वजन जास्त पेलेल, पण वर-खाली जाणं थांबवणारी चौथी मोटर त्यातही नसते.

हे किती दिसतं ते एकदा हिशेबानं बघू. आमच्या जालन्याकडं मोसंबीची बाग साधारण सहा बाय सहा मीटरवर असते. झाडं मोठी झाली की दोन ओळींच्या मधोमध चालताना दोन्हीकडच्या फांद्या हाताशी येतात. नेहमीच्या चालीत माणसाचं शरीर दर पावलाला चार-पाच सेंटिमीटर वर-खाली होतं. फोनच्या मुख्य लेन्समध्ये, फोन आडवा धरला असेल तर, दीड मीटर अंतरावर साधारण सव्वा मीटरपेक्षा थोडी कमी उंची मावते. म्हणजे 1080 ओळींच्या व्हिडिओत दीड मीटरवरची फांदी चार सेंटिमीटरच्या धक्क्याला 35-40 ओळी उडते. तीच गोष्ट दहा मीटरवरच्या झाडाची केली तर पाच-सहा ओळी, डोळ्याला कळतही नाही. म्हणून मोकळ्या रानात, ज्वारीच्या ताटांच्या वरून काढलेला शॉट गुळगुळीत येतो आणि बागेत शिरलात की तोच गिंबल, तोच हात, पण सगळं डुचमळतं.

आता पायाचं. चालताना पाय कंपासपेटीतल्या कर्कटकासारखा वागतो: टोकं जितकी लांब फाकवाल तितकं डोकं खाली येतं, जवळ आणलीत की वर जातं. नव्वद सेंटिमीटरचा पाय ताठ ठेवून सत्तर सेंटिमीटरचं पाऊल टाकलं तर कंबर सात सेंटिमीटर खाली-वर होईल. गुडघा थोडा वाकतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी होते. तेच पाऊल निम्मं, म्हणजे पस्तीसचं केलं तर पावणेदोन सेंटिमीटर. पाऊल निम्मं झालं, धक्का पाव झाला. गुडघ्यांचं तंत्र सगळे सांगतात, पण पाऊल छोटं करायचं फार कमी जण सांगतात. माझ्या मते पहिला मान छोट्या पावलाला.

त्यानंतर गुडघे. उकिडवं बसायला निघालात आणि चार बोटं खाली जाऊन थांबलात, इतकेच वाकवायचे. आणि शॉट संपेपर्यंत डोक्याची उंची तीच ठेवायची. टाच आधी टेकवायची, मग तळवा, मग चवडा, असा पाय जमिनीवर लोळवायचा. थपकन टाकायचा नाही. मागं चालत असाल तर उलट, चवडा आधी आणि टाच मागून. लग्नात परण्या निघतो तेव्हा नवरदेवाच्या घोड्यापुढं असंच उलटं चालावं लागतं. तिथं गुडघ्यांपेक्षा महत्त्वाचा तुमच्या कमरेच्या पट्ट्याला मागून धरून चालणारा पोऱ्या, कारण बँडवाल्यांच्या जनरेटरची वायर तुम्हाला दिसत नसते.

हातांचं मात्र लोक एकच नियम दोन्हीकडं लावतात, तिथं गडबड होते. नुसता फोन हातात असेल तर कोपरं बरगड्यांना चिकटवायची, फोन दोन्ही हातांनी धरायचा, वळायचं तर कमरेतून वळायचं. कारण तेव्हा मोठा शत्रू असतो फोनचं वळणं. एक अंश झुकला तरी चौकटीचा चाळिसावा भाग सरकतो, तोही जवळच्या-लांबच्या सगळ्यासकट. गिंबल असेल तेव्हा हे काम मोटरी करतात, म्हणून कोपरं चिकटवून ठेवू नका. चिकटवलीत तर छातीचा प्रत्येक धक्का थेट मुठीत उतरतो. कोपरं अंगापासून वीतभर सुटी, थोडी वाकलेली, गिंबल दोन्ही हातांनी बेंबीच्या उंचीवर. शरीर खाली गेलं की हात किंचित वर येऊ द्यायचे. पहिल्या दिवशी हे जमत नाही.

सराव घरातच करा, रानात जायची गरज नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहा आणि दाराच्या चौकटीची वरची आडवी पट्टी ग्रिडच्या वरच्या रेघेवर ठेवून दाराकडं चाला. जवळ जाल तशी पट्टी हळूहळू वर सरकत जाईल, ते ठीक आहे. ती टप्पे घेत वर गेली तर प्रत्येक टप्पा म्हणजे तुमचं एक पाऊल. टप्पे गेले आणि ती सरळ चढली, की बागेत जा.

मागच्या हंगामात अंबडकडच्या एका बागेत आंबिया बहाराच्या फळांचा शॉट काढायचा होता. मालकांना पूर्ण ओळ एका दमात हवी होती. म्हटलं, मामा, एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत काढतो, असे तुकडे जोडू. "कामून? चालायला काय हुतंय?" त्यांचं बरोबर होतं, चालायला काहीच होत नाही. पण गुडघे वाकवून पस्तीस सेंटिमीटरचं एकेक पाऊल सेकंदाला टाकलं, तर सहा मीटरला सतरा-अठरा सेकंद लागतात, आणि वीस-पंचवीस सेकंदांनंतर मांड्या थरथरायला लागतात. ती थरथर व्हिडिओत उतरते. म्हणून झाड ते झाड हे माप बागेत आपोआप बरोबर बसतं.

खाली काळी माती, ढेकळं आणि ठिबकच्या नळ्या. शॉटच्या आधी रिकाम्या हातानं एकदा चालून घेतलं. ट्रॅक्टरच्या टायरनं दाबलेली चाकोरी सापडली, तीच धरली. नळी जिथं आडवी येते तिथं एक पाऊल मोठं पडणार हे दिसलं, म्हणून शॉट तिच्या अलीकडं संपवला. पायात बूट, चप्पल नाही, चप्पल टाचेला मारते आणि तो आवाजही माईकमध्ये येतो. गिंबल लॉकवर ठेवला, म्हणजे हात डावी-उजवीकडं झुलला तरी फोनचं तोंड ओळीच्या शेवटाकडंच राहतं. सरळ ओळीत लॉक चांगला. वळण असलेल्या बांधावर फॉलो लागतो, म्हणजे हात वळेल तसा फोनही सावकाश मागोमाग वळतो. मामा बोलणार नव्हते, म्हणून सेकंदाला 60 चित्रांवर काढलं आणि संपादनात निम्म्या वेगानं सोडलं. उरलासुरला धक्काही त्यानं मऊ होतो. कुणी बोलत असेल तर हे करता येत नाही, ओठ पाण्यात हलल्यासारखे दिसतात.

आता ज्यांच्या व्हिडिओत फांदी आणि खांब दोन्ही सारखेच हलतात, त्यांच्यासाठी. गिंबल बंद ठेवून फोन क्लॅम्पमध्ये लावा आणि आडवा करून सोडा. कॅमेऱ्याची बाजू जड असते, त्यामुळं फोन एकीकडं पडतो. क्लॅम्प त्या बाजूला थोडा थोडा सरकवत जा, तोपर्यंत की फोन मोटरीशिवायही जवळपास आडवा थांबेल. तोल नसलेला गिंबल चालतो, पण मोटर गुणगुणते, गरम होते, बॅटरी लवकर उतरते आणि क्षितिज हळूहळू कलतं. जाड कव्हर काढून टाका, स्वस्त गिंबलला ते तीस-चाळीस ग्रॅमही जड जातात. आणि खोक्यावर तीन अक्ष लिहिलंय का बघा. हजार-बाराशेला गिंबल म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच काठ्यांना एकच मोटर असते. ती फक्त कलणं थांबवते, बाकी सेल्फी स्टिकच.

फोनमधलं स्टॅबिलायझेशन गिंबलसोबत चालू ठेवायचं का, हे फोनवर अवलंबून आहे. एकदा चालू, एकदा बंद करून तोच शॉट काढा. वळताना कडा जेलीसारख्या लचकल्या किंवा चित्र अडखळत वळलं, तर बंद. गिंबल नसेल तर चालूच ठेवा, पण उजेडात. संध्याकाळी झाडाखाली शटर मंद होतं, प्रत्येक चित्र धक्क्यानं पुसट येतं. फोन चौकट जागेवर आणून ठेवतो, पण पुसटपणा काढू शकत नाही. मग स्थिर चित्र दर पावलाला एकदा धूसर होतं, ते हलण्यापेक्षाही वाईट दिसतं. त्यामुळं गिंबलशिवाय चालते शॉट मी ऊन उतरायच्या आत संपवतो.

आणि बागेत प्रत्येक वेळी चालायलाच हवं असंही नाही. फळांनी लगडलेली फांदी अर्ध्या मीटरवर असेल तर दोन्ही पाय फाकवून, गुडघे वाकवून उभे राहा आणि अंगाचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर सावकाश न्या. कॅमेरा जेमतेम दीड फूट सरकतो. पण फांदी इतकी जवळ असते की ती चौकटीतून निघून जाते आणि मागची ओळ उघडी पडते. बघणाऱ्याला वाटतं, तुम्ही चालत गेलात. पाऊलच उचललं नाही, त्यामुळं धक्काही नाही. अंबडच्या त्या व्हिडिओतले दोन शॉट असेच उभ्या उभ्या काढलेले आहेत.