रक्त दिल्यावर चक्कर येते का?

आजच्या शिबिरात नोंदणीच्या टेबलावर पुन्हा पुन्हा तोच प्रश्न आला: "चक्कर तर नाही ना येणार?"

बहुतेकांना येत नाही. पिशवीत ३५० मिली रक्त जातं, वजन ५५ किलोच्या वर असेल तर ४५० मिलीही घेतात. मोठ्या माणसाच्या अंगात असतं साधारण पाच लिटर. चक्कर येते ती बरेचदा धास्तीने, उपाशीपोटी किंवा उकाड्याने. नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. काहींना तर नुसती सुई बघूनच घेरी येते!

उपाय सोपा आहे. नीट जेवून या आणि सुईच्या आधी अर्ध्या तासात दोन मोठे ग्लास पाणी प्या. खाटेवर असताना पायावर पाय टाकून मांड्या आवळा, सोडा, पुन्हा आवळा, रक्तदाब टिकतो.

खरी गडबड होते ती घाईने उठल्यावर. दहा-पंधरा मिनिटं थांबा. घाम फुटला, जांभया आल्या, कानात गुंई झालं तर लाजू नका, तिथेच आडवे व्हा, पाय उंच ठेवा. बहुधा काही मिनिटांत बरं वाटतं. त्या दिवशी जिम नको, आणि बिस्किटं खाल्ल्याशिवाय गाडीला किक मारू नका.